परिचय मागितला ५० शब्दांत, आला दीड पान: लेखक-परिचयातले नेहमीचे बिघाड आणि ते काढायची रीत

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात कुठल्या कॉलेजात मराठीचं चर्चासत्र ठरलं की कार्यक्रमपत्रिकेचा आणि नंतरच्या अंकाचा मजकूर लावायला बऱ्याचदा मीच असतो. निबंध कसेही असोत, ते एकदा हातात आले की मार्गी लागतात. अडतो तो लेखक-परिचय. चार ओळींचा मजकूर, पण शेवटच्या रात्री छापखान्याचा फोन येतो तो त्याच्याचसाठी. बिघाड दरवेळी तेच असल्याने तपासण्याची एक रीत बसून गेली आहे, ती इथे देतो.

लक्षणं

पुढच्यातलं एखादं जरी ओळखीचं वाटलं तरी तुमचा परिचय दुरुस्तीला आलाय असं समजा.

- छापील परिचय वाक्याच्या मध्येच तुटलाय, किंवा संपादकांनी कात्री लावताना नेमकं हवं तेच उडवलंय.
- सत्राचे अध्यक्ष दोन ओळी वाचून "आणि बरंच काही" म्हणतात आणि थेट निबंधाकडे वळतात.
- पत्रिकेत एक नाव, निबंधावर दुसरं, प्रमाणपत्रावर तिसरं.
- चहाच्या वेळी कोणीतरी हळूच विचारतं, "पीएच.डी. झाली का हो तुमची? कळलंच नाही आम्हाला."
- परिचय पूर्ण वाचला तरी या विषयावर या माणसाने का बोलावं, ते कळत नाही.

या सगळ्याच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच सवय असते. आपल्याकडे गावोगावच्या साहित्य संमेलनांत पाहुण्यांचा परिचय सूत्रसंचालक करून देतो. तो "व्यासंगी", "सिद्धहस्त", "सीमाभागाचं भूषण" म्हणतो आणि ते शोभतं, कारण बोलणारा दुसरा असतो. नियतकालिकाला पाठवायचा परिचय मात्र तृतीयपुरुषी असला तरी लेखकानेच लिहिलेला असतो आणि हे वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. सूत्रसंचालकाचे शब्द तिथे घातले की आपलीच पाठ आपण थोपटल्यासारखं दिसतं.

आता तपासण्या. पहिल्या दोन्हींना काहीच लागत नाही, म्हणून आधी त्या.

१. सूचना परत वाचा आणि शब्द मोजा

निबंध मागवणाऱ्या पत्रकात परिचयाबद्दल एकच ओळ असते आणि ती कोणी वाचत नाही. त्यात चार गोष्टी शोधा: शब्दमर्यादा, भाषा, प्रथमपुरुषी की तृतीयपुरुषी, आणि परिचय निबंधाच्याच फाइलमध्ये हवा की वेगळा. मर्यादा बहुधा ५० ते १०० शब्दांची असते. दिलेलीच नसेल तर ५० धरा. मोठ्याने वाचला तर एवढ्याला साधारण अर्धा मिनिट लागतो. अध्यक्षांकडे प्रत्येक वक्त्यासाठी त्याहून जास्त वेळ नसतो.

मोजताना एक खुबी लक्षात ठेवा. संगणक मधली मोकळी जागा बघून शब्द मोजतो. "एम. ए." असं जागा सोडून लिहिलं तर दोन शब्द, "एम.ए." लिहिलं तर एक. शिवाय मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात, म्हणून मराठीतले ५० शब्द इंग्रजीत नेले की वाढतात. इंग्रजी परिचयाची मर्यादा ५० असेल तर मराठी मसुदा चाळिशीच्या आतच ठेवा.

मर्यादा पाळायची ती संपादकाच्या समाधानासाठी नव्हे. जागा ठरलेली असते, मजकूर कापला जाणारच. प्रश्न फक्त कोण कापणार एवढाच. मी फोन केला की ठरलेलं उत्तर येतं: "तुम्हीच बघून काय ते कापा की हो." मी कापतो तेव्हा शेवटून कापतो, कारण तुमच्या आयुष्यातलं महत्त्वाचं काय ते मला ठाऊक नसतं.

२. परिचय निबंधाच्या फाइलमध्ये घुसलाय का?

नाव झाकून परीक्षण करणाऱ्या नियतकालिकाला परिचय वेगळ्या फाइलमध्ये किंवा वेगळ्या मुखपृष्ठावर द्यायचा असतो. तो निबंधाच्या शेवटी चिकटवला की परीक्षकाला लेखक कळतो. मग निबंध परत येतो किंवा परीक्षक बदलावा लागतो, आणि दोन्हींत महिने जातात.

फाइलच्या पोटातही नाव असतं. वर्डमध्ये ते असं काढतात:

```
File > Info > Check for Issues > Inspect Document
```

हे मूळ फाइलवर न करता तिच्या प्रतीवर करा, कारण काढलेलं परत आणता येईलच असं नाही. आपल्या बाजूला तर याची जास्तच गरज आहे. सीमाभागातल्या बोलीवर लिहिणारे मोजकेच, आणि परीक्षकही त्यांच्यातलेच.

३. नाव

निबंधावर जे नाव, जसं लिहिलंय, तसंच परिचयात हवं. ऐकायला हे सोपं वाटतं. पण आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर स्वतःचं-वडिलांचं-आडनाव अशी तिपेडी रीत, नोकरीच्या कागदांवर नुसती आद्याक्षरं, आणि लग्नानंतर काहींचं आडनाव बदललेलं. परिषदेचं प्रमाणपत्र पत्रिकेवरून तयार होतं. पुढे पदोन्नतीच्या फाइलमध्ये ते लावलं की कारकून विचारतो, "ह्या मॅडम कोण?" म्हणून एक रूप ठरवा आणि कायम तेच वापरा. जुने लेख वेगळ्या नावाने असतील तर परिचयात "पूर्वीचं लेखन अमुक नावाने" एवढे चार शब्द पुरतात.

पाटील, देसाई, जाधव ही आडनावं या जिल्ह्यात पावलोपावली आहेत. नामसाधर्म्याचा घोळ टाळायला ऑर्किड हा संशोधकांचा ओळख-क्रमांक उपयोगी पडतो. तो फुकट मिळतो आणि सोळा जागांचा असतो. शेवटच्या जागी कधी अंकाऐवजी एक्स येतो, तो टंकनदोष नसतो. त्याच नोंदीत तुमची नावाची इतर रूपंही देता येतात.

४. पद आणि पदवी: कागद समोर ठेवून

इथून पुढे कपाट उघडावं लागतं. नेमणुकीचा आदेश आणि पदवीचे कागद समोर ठेवल्याशिवाय ही तपासणी करू नका. आठवणीतून लिहिलेलं पद एक पायरी वर सरकलेलं असतं, आणि ते मुद्दाम केलेलं असतं असंही नाही.

सगळ्यात जास्त घोटाळा "प्रा." या एका अक्षराचा. आपण कॉलेजात शिकवणाऱ्या कोणालाही प्रा. म्हणतो, अगदी अकरावी-बारावीला शिकवणाऱ्यालाही. बोलताना तो मान आहे, त्यात वावगं काही नाही. पण विद्यापीठ अनुदान आयोगाच्या रचनेत सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापक अशी वेगवेगळी पदं आहेत. मराठी पत्रिकेतलं "प्रा." इंग्रजी पत्रिकेत "प्रोफेसर" होतं आणि न मागता तुम्हाला दोन बढत्या मिळतात. उपाय साधा आहे. नावाआधी काहीच लावू नका आणि वाक्यात आदेशावरचं पद लिहा. गेस्ट फॅकल्टी असाल तर तसंच लिहा. पीयू कॉलेजात लेक्चरर असाल तर तेच. आदेशावर जे आहे ते लिहिण्यात कमीपणा नाही. उद्या कोणी कॉलेजच्या कार्यालयात विचारलं तर उत्तर जुळलं पाहिजे.

पीएच.डी.च्या पायऱ्याही नेमक्या लिहा. नोंदणी झाली असेल तर "पीएच.डी.साठी संशोधन करीत आहेत". प्रबंध दिला असेल तर "प्रबंध सादर केला आहे". तोंडी परीक्षा होऊन विद्यापीठाची अधिसूचना निघाली की मगच "डॉ.". पत्रिका छापून होईपर्यंत अधिसूचना येईलच, या भरवशावर आधीच डॉ. लावणारे भेटतात. अधिसूचना लांबते, पत्रिका मात्र लांबत नाही.

विद्यापीठाच्या नावाचं तर आपल्या भागात खास लक्षात ठेवावं लागतं. बेळगावातलं राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० साली झालं. त्याआधी इथली कॉलेजं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाशी जोडलेली होती. त्यामुळे २००४ साली एम.ए. झालेल्याची पदवी धारवाडची, मग कॉलेज आज कुठल्याही विद्यापीठाशी जोडलेलं असो. "राणी चन्नम्मा विद्यापीठातून २००४ साली एम.ए." अशी ओळ आली की मी फोन उचलतो. आणखी एक: धारवाडच्या विद्यापीठाच्या इंग्रजी नावात "कर्नाटक"च्या शेवटी "ए" नाही, राज्याच्या नावात आहे. इंग्रजी परिचयात हा "ए" हमखास घुसतो.

शहराचं नावही वर्षातून एकदा तरी वादाला कारण होतं. १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृत इंग्रजी नाव बेळगावी आहे. माझी पद्धत अशी: मराठी परिचयात बेळगाव, इंग्रजीत संस्था स्वतःचा पत्ता जसा छापते तसा. जुन्या पुस्तकाच्या प्रकाशनस्थळी त्यावर छापलेलंच नाव ठेवायचं. परिचयाच्या दोन ओळींत कोणी सीमाप्रश्न सोडवायला बसू नये.

५. "अनेक" शोधा

कागद तपासून झाले की फाइलमध्ये शोधाची खिडकी उघडा आणि "अनेक", "विविध", "नामवंत", "प्रसिद्ध", "ज्येष्ठ" हे शब्द एकेक करून शोधा. सापडलेल्या प्रत्येकाला विचारा: याच्या जागी आकडा, नाव किंवा वर्ष घालता येतं का? येत असेल तर घाला. येत नसेल तर वाक्यच काढा. "अनेक पुरस्कार" म्हणजे एक असेल तर त्या एकाचं नाव आणि वर्ष द्या. ते जास्त वजनदार दिसतं आणि खरंही असतं.

"आंतरराष्ट्रीय"कडे वेगळं बघा. घरात बसून ऐकलेल्या वेबिनारमध्ये परदेशातला एक वक्ता होता म्हणून परिषद आंतरराष्ट्रीय ठरत असेलही, पण परिचयात त्या शब्दाने वाचकाला वेगळंच काही वाटतं. परिषद, ठिकाण आणि वर्ष लिहा, विशेषण सोडून द्या. पुस्तकांचंही तसंच. "प्रकाशित", "स्वीकृत" आणि "लिहीत आहेत" या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. "प्रकाशनाच्या वाटेवर" ही चौथी गोष्ट वर्षानुवर्षं त्याच वाटेवर असते.

उलटा बिघाडही होतो, तो कमी दिसतो एवढंच. "मी एक साधा वाचक, लिहिण्याचा तोडकामोडका प्रयत्न करतो." हा नम्रपणा नव्हे, ही रिकामी ओळ. वाचकाला त्यातूनही माहिती शून्य मिळते.

६. विषयाशी सांधा

इथवर काम हिशेबाचं होतं. आता निवड करायची, आणि हीच अवघड पायरी. एक नमुना घेऊन दाखवतो. निबंध निपाणीच्या तंबाखू वखारींत काम करणाऱ्या स्त्रियांच्या बोलीवर आहे, मर्यादा ५० शब्दांची, आणि आलेला परिचय हा:

> प्रा. (नाव) या सीमाभागातील प्रसिद्ध अभ्यासक, व्यासंगी प्राध्यापिका आणि संवेदनशील कवयित्री असून त्यांनी कर्नाटक विद्यापीठातून एम.ए. व बी.एड. या पदव्या उत्तम गुणांनी प्राप्त केल्या आहेत. सध्या त्या पीएच.डी. करीत आहेत. गेली अनेक वर्षे त्या निपाणीच्या नामवंत महाविद्यालयात अध्यापनाचे पवित्र कार्य करीत आहेत. त्यांनी अनेक राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय परिषदांत शोधनिबंध सादर केले असून त्यांचे लेख विविध नियतकालिकांतून प्रसिद्ध झाले आहेत. त्यांना अनेक पुरस्कारांनी सन्मानित करण्यात आले आहे. राष्ट्रीय सेवा योजना, महिला मंडळ, वाचनालय अशा अनेक संस्थांशी त्या निगडित आहेत. वाचन, प्रवास व संगीत हे त्यांचे छंद आहेत.

शब्द ऐंशीच्या वर. "अनेक" चार वेळा. नाव एकच शब्द धरून मोजलं तर पन्नासावा शब्द "सादर" हा येतो. म्हणजे कापणाऱ्याने तिथेच कात्री लावली तर छापील मजकूर "परिषदांत शोधनिबंध सादर" असा लटकतो. पण यातली खरी उणीव लांबी नाहीच. अख्ख्या परिचयात तंबाखू नाही, वखार नाही, बोली नाही. हाच मजकूर ज्ञानेश्वरीवरच्या निबंधाखालीही जसाच्या तसा चालला असता.

अशा वेळी मी लेखिकेला तीन प्रश्न विचारतो. आज तुम्ही कुठे, कुठल्या पदावर आहात? या विषयाचं काम तुम्ही नेमकं काय केलंय? त्याचा पुरावा म्हणून वाचकाला शोधता येईल असं काय आहे? उत्तरं फोनवर भराभर येतात. वखारीतल्या बायकांच्या मुलाखती २०२२ पासून ध्वनिमुद्रित करतेय, पीएच.डी.चा विषय तोच आहे, एक लेख २०२४ साली आलाय. हे सगळं होतंच, फक्त कागदावर नव्हतं. त्यातून परिचय असा होतो:

> (नाव) (महाविद्यालय), निपाणी येथे मराठीच्या सहायक प्राध्यापक आहेत. निपाणीतील तंबाखू वखारींत काम करणाऱ्या स्त्रियांच्या बोलीवर त्या (विद्यापीठ) येथे पीएच.डी.साठी संशोधन करीत आहेत. त्यासाठी त्यांनी २०२२ पासून कामगार स्त्रियांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या आहेत. याच विषयावरील त्यांचा एक लेख (नियतकालिक, २०२४) प्रसिद्ध झाला आहे.

कंसात खरी नावं भरली तरी हे पन्नासच्या आत बसतं. एकही विशेषण नाही, तरी या बाईंनी कष्ट घेतलेत हे कळतं. आणि कोणी शेवटचं वाक्य कापलंच तरी उरलेला परिचय धड राहतो. वाक्यांचा क्रम त्यासाठीच असा लावलाय.

काय गेलं? एम.ए. गेलं, कारण पीएच.डी. करणाऱ्याचं ते बहुतेक वेळा झालेलंच असतं. बी.एड., सेवा योजना आणि छंद गेले, त्यांचा या निबंधाशी संबंध नाही. कविता गेली म्हणून थोडं वाईट वाटतं, पण त्याच बाईंना कवितावाचनाचं निमंत्रण आलं तर तिथल्या परिचयात कविता पहिल्या वाक्यात येईल आणि वखार जाईल. म्हणूनच एकच परिचय सगळीकडे चिकटवू नये. "सीमाभागातील" या शब्दालाही हाच नियम. निबंध कन्नड-मराठी सरमिसळीवर असेल तर तुम्ही कुठल्या गावचे हा विषयाचाच भाग आहे, लिहा. नसेल तर तो शब्द नुसता बिल्ला होतो.

७. कन्नड आणि इंग्रजी आवृत्ती

इथली पत्रिका कित्येकदा दोन-तीन भाषांत निघते. मराठी मसुदा पक्का झाल्याशिवाय दुसऱ्या भाषेत नेऊ नका, नाहीतर प्रत्येक दुरुस्ती तीनदा करावी लागते. कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ ए-ओ वेगळे लिहितात, त्यामुळे काही नावं एकाहून जास्त तऱ्हांनी लिहिली जातात. कर्नाटकातल्या आधार कार्डावर नाव कन्नडमध्येही असतं. ते बरोबर छापलेलं असेल तर तेच रूप द्या, चुकीचं असेल तर तेही संयोजकांना आधीच सांगा. तिन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून पद, विद्यापीठ आणि वर्षं जुळतात का, तेवढं एकदा बोट ठेवून बघा.

कधी थांबायचं, कोणाला विचारायचं

काही बिघाड परिचय कितीही घासला तरी निघत नाहीत, कारण मूळ दुसरीकडे असतं.

पदवीच्या प्रमाणपत्रावर आणि दाखल्यावर नाव वेगळं असेल तर तो कागदपत्रांचा प्रश्न आहे. परिचयात काहीतरी मधलं रूप घालून तो झाकू नका. आधी कॉलेजच्या कार्यालयात आणि विद्यापीठाच्या परीक्षा विभागात विचारा. प्रतिज्ञापत्र किंवा राजपत्रात नावबदलाची नोंद करायची वेळ आली तर वकिलांकडे जा. पदवी मिळाली की नाही याबद्दल तुम्हालाच खात्री नसेल तर विद्यापीठाच्या लेखी उत्तरापर्यंत ती पदवी लिहू नका.

नोकरी एका ठिकाणी आणि संशोधन दुसऱ्या ठिकाणी असेल, किंवा लेख पाठवल्यावर नोकरी बदलली असेल, तर कुठली संस्था लिहायची ते संपादकांना विचारा. बहुधा काम जिथे झालं ती संस्था निबंधावर राहते आणि आजची संस्था वेगळी नोंदवतात, पण प्रत्येक नियतकालिकाचा नियम त्यांनाच माहीत. सरकारी सेवेत असाल आणि पदनाम छापायला परवानगी लागते का अशी शंका असेल तर वरिष्ठांना लेखी विचारा. माझ्यासारख्या मजकूर लावणाऱ्याचं मत तिथे उपयोगाचं नाही. कन्नड मजकूर कन्नड शिकवणाऱ्या सहकाऱ्याकडून एकदा वाचून घ्या. बाजारातून निघताना कानावर पडणारं कन्नड येणं आणि छापण्याजोगं कन्नड येणं यांत फरक आहे.

छापून झाल्यावर चूक दिसली तर पत्रिकेच्या बाबतीत फारसं काही होत नाही. संयोजक फार तर एक चिठ्ठी आत घालतील किंवा अध्यक्षांना तोंडी सांगतील. नियतकालिकात पद किंवा पदवी चुकली असेल तर मात्र संपादकांना एकच मेल करा. त्यात अंक, पान, छापलेली ओळ आणि हवी असलेली ओळ, एवढंच एकाखाली एक लिहा. चूक कशी झाली ते लिहू नका. त्यांना फक्त कोणती ओळ बदलायची ते हवं असतं.